कॅरोसेल सिरीज करताय? रिकॅप आणि हुकच्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या पुण्याच्या इन्स्टाग्राम पेजवर पानशेतच्या पुरावर पाच भागांची कॅरोसेल सिरीज टाकली. विषय असा की पुण्यात प्रत्येक घरात कुणीतरी आजी-आजोबा त्यावर बोलतातच, म्हटलं लोक तुटून पडतील. भाग १ छान गेला, भाग २ बरा गेला आणि भाग ३ खाली कमेंट आली, "नक्की कशाबद्दल चाललंय हे?" त्याला हार्ट दिलं आणि गप्प बसले, पण रात्री पाचही ड्राफ्ट उघडून बसल्यावर कळलं की चूक माझीच आहे आणि ती एक नाहीये.

आधी सिरीज कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाग १ मधे ११ जुलै १९६१ ची रात्र, पानशेतचं मातीचं धरण अजून पूर्ण बांधून झालेलं नव्हतं आणि जवान वाळूची पोती टाकून ते वाचवायची धडपड करत होते. भाग २ मधे १२ जुलैची सकाळ, धरण फुटलं. भाग ३ म्हणजे मुठेकाठच्या पेठांमधे शिरलेलं पाणी, भाग ४ पूर ओसरल्यानंतरचं शहर, आणि भाग ५ चौकशी आणि पूरग्रस्तांच्या वसाहती, म्हणजे गोखलेनगरचे ते अर्धगोल निसेन हट वगैरे.

पहिली आणि सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे रिकॅप पहिल्या स्लाइडवर. "मागच्या भागात आपण पाहिलं की..." टीव्ही सिरियलची सवय, दुसरं काय. पण सिरियल लोक ठरलेल्या वेळी लावतात, इन्स्टाग्रामवर भाग ३ अशा माणसाच्या फीडमधे जाऊन पडतो ज्याने तुमचं पेजच कधी पाहिलेलं नाही, आणि त्याला "मागच्या भागात" वाचलं की वाटतं हे आपल्यासाठी नाही, आणि तो स्क्रोल करून पुढे जातो. ज्याने आधीचे भाग पाहिलेत त्यालाही तेच तेच परत नकोय. म्हणजे पहिल्या स्लाइडवरचा रिकॅप दोघांच्याही कामाचा नाही.

मग दुसऱ्या स्लाइडवर टाकू का? तिथेही नको. पहिली स्लाइड बघून कुणी स्वाइप न करता पुढे गेलं तर इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं, म्हणजे दुसरी स्लाइड ही तुमची दुसरी संधी असते आणि तिच्यावर रिकॅप असेल तर ती पण गेली. मी आता रिकॅप तिसऱ्यावर टाकते. पहिल्या दोन स्लाइडनी माणूस अडकला की त्याला स्वतःलाच प्रश्न पडतो की हे आधी काय झालं होतं, तेव्हा रिकॅप द्यायचा.

भाग ४ मी असा परत बांधला. पहिली स्लाइड, "शहरभर पाणी. आणि नळ कोरडे." दुसरी, "पुण्याला पाणी देणारं धरणच वाहून गेलं होतं." तिसरी, "आतापर्यंत: १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, तेही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या." बस, एक वाक्य, मग चौथ्यापासून गोष्ट सुरू. हे मी नागपूरच्या मामेबहिणीला पाठवलं, तिला पानशेत म्हणजे बोटिंगचं ठिकाण एवढंच माहीत, आणि तिला कळलं. ही टेस्ट प्रत्येक भागाला करा, पण त्याच माणसावर नको कारण दुसऱ्या वेळी त्याला आधीचं माहीत असतं (मी तिला तीन भाग पाठवून मग म्हणत होते सगळं क्लिअर आहे 🙈).

याच्याच पोटातली दुसरी चूक, रिकॅप वाढत जाणं. भाग २ ला एक स्लाइड, ३ ला दोन, ५ ला तीन झाल्या होत्या कारण मी दर वेळी जुना रिकॅप कॉपी करून खाली नवीन ओळी जोडत होते. रिकॅपमधे आधीचं सगळं येत नाही, या भागाला लागतं तेवढंच येतं. भाग ५ चौकशीचा, तिथे धरण अर्धवट असताना त्यात पाणी साठलं हे आणि घरं गेली हे पाहिजे, कुठल्या पेठेत किती वर पाणी चढलं हे त्या भागाला लागतच नाही, कितीही जीव असला तरी काढा. म्हणून दर वेळी कोऱ्या स्लाइडवर नव्याने लिहायचा.

आता हुक. माझी भाग १ ची शेवटची स्लाइड होती, "पुढे काय झालं? पाहूया भाग २ मधे!" अरे पुढे काय झालं ते अख्ख्या पुण्याला माहितीये, धरण फुटलं! शेवट माहीत असलेल्या गोष्टीत "काय झालं" हा हुक चालतच नाही, लोकांना न माहीत असलेला तपशील शोधावा लागतो. इथे तो होता, बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच धरण असतं. म्हणून आता भाग १ चा शेवट असा आहे, "पानशेत आणि पुणे यांच्या मधे अजून एक धरण होतं. त्याने पाणी का नाही अडवलं?" आणि भाग २ ची पहिली स्लाइड थेट, "मधलं धरण: खडकवासला." प्रश्नातला शब्द उत्तरात परत दिसला की वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही की हे त्याच्या पुढचं आहे.

भाग २ ला मी उलटी चूक केली. शेवटी टाकलं, "मग दोषी कोण?" हुक जबरदस्त, पण उत्तर भाग ५ मधे! भाग ३ आला तो पेठांचा, आणि लोक खाली चिडून विचारतायत दोषी कोण ते सांगा ना. शेवटच्या स्लाइडवरचा प्रश्न पुढच्याच भागात, पहिल्या तीन-चार स्लाइडमधे सुटला पाहिजे. लांबचा प्रश्न टाकायचाच तर कॅप्शनमधे, आणि तिथे सरळ लिहा की हे भाग ५ मधे येणार.

हे सगळं एकेक भाग लिहीत गेलं तर जमत नाही. मी आता एका कागदावर आधी फक्त चार जोड लिहिते, १ ते २ चा प्रश्न, २ ते ३ चा, असं. जोड सुचत नसेल तर बहुतेक वेळा भागच चुकीच्या जागी तोडलेला असतो. आणि सगळे भाग तयार झाल्याशिवाय पहिला टाकत नाही, कारण पोस्ट केल्यावर कॅप्शन बदलता येतं पण स्लाइडवरची इमेज बदलता येत नाही, भाग १ मधे तारीख चुकली तर ती तशीच राहते आणि पुढचे रिकॅप तिच्याशी भांडत बसतात.

सिरीज ऑलरेडी टाकून झालीये आणि गडबडलीये तर कमेंट वाचा. "भाग १ कुठे मिळेल?" येत असेल तर रिकॅप ठीक आहे, रस्ता नाहीये. कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, त्यामुळे भाग १ प्रोफाइलला पिन करा (तीन पोस्ट पिन होतात) आणि प्रत्येक कॅप्शनच्या पहिल्या ओळीत "भाग १ प्रोफाइलवर पिन आहे" लिहा, आणि नवीन भाग स्टोरीला शेअर करा, तिथून टॅप करून पोस्ट उघडते. कव्हरवर "३/५" लिहिताना एकदम कडेला नको, ४:५ ची पोस्ट आता ३:४ च्या ग्रिडमधे दोन्ही बाजूंनी थोडी कापली जाते, माझा ३ अर्धाच दिसत होता. आणि "नक्की काय चाललंय" टाइप कमेंट असेल तर रिकॅपच फसलाय, मग निदान कॅप्शनच्या सुरुवातीला एका वाक्यात टाका.

भाग ५ ला पुढचा भाग नसतो, तिथे मी आधी "धन्यवाद, फॉलो करा" टाकलं होतं. आता तिथे पोत्यांचं चित्र आहे आणि ओळ आहे, "त्या रात्री धरणावर कोण होतं? भाग १."