दिवाळी पहाटची मेंबर प्रीसेल: या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या मंडळाची दिवाळी पहाट होती, हॉल 450 सीटचा, मेंबर कुटुंबं 130, आणि प्रीसेल सुरू झाल्यावर वीस मिनिटांत मेंबरांच्या सीट संपल्या. अर्ध्याहून जास्त मेंबर हात चोळत बसले. वर ज्यांना मिळाल्या त्यातले बरेचजण मेंबरच नव्हते!

कारण साधं होतं, आम्ही सगळ्यांना एकच कोड दिला होता. तो मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर, आणि मग काय, गावभर. कोड प्रत्येक मेंबरशिपला वेगळा पाहिजे आणि त्यावर किती तिकिटं निघतील ते ठरलेलं पाहिजे. pretix सारख्या तिकीट विकायच्या सिस्टिममध्ये एक्सेलमधून सगळे कोड एकदम बनवता येतात, प्रत्येकाला वापराची मर्यादा आणि शेवटची तारीख टाकायची, झालं. असा कोड कोणी दुसऱ्याला दिलाच तर त्याची स्वतःची तिकिटं जातात, मग आपोआप जपून वापरतात.

दुसरी चूक हिशोबाची. मेंबर कोटा 280, पब्लिक 150, आणि 20 कलाकारांच्या पाहुण्यांसाठी बाजूला. पण मर्यादा ठेवली होती कुटुंबामागे 4, म्हणजे 130 गुणिले 4, 520 तिकिटांचं आश्वासन आणि हातात 280! असं असलं की ज्याचं नेट फास्ट त्याचीच दिवाळी. यंदा आम्ही दोन फेऱ्या केल्या. सोमवार ते बुधवार फक्त मेंबर, कुटुंबामागे 2, म्हणजे जास्तीत जास्त 260, सगळ्यांना पुरतात, घाई नाही, आजोबांनी दुपारी जेवून निवांत लॉगिन केलं तरी चालतं. गुरुवारपासून पब्लिकचे 150 खुले आणि त्याच वेळी मेंबरांना आपल्या कोट्यातून आणखी 2.

कोटे वेगळे ठेवताना पण एक गंमत होते. मेंबर 280 आणि पब्लिक 150 असे दोन सुटे आकडे टाकले आणि नंतर कोणीतरी मेंबरांचा कमी न करताच पब्लिकचा वाढवला, की हॉलपेक्षा जास्त तिकिटं विकली जातात, आणि कळतं कधी, तर पहाटे साडेपाचला दारात. म्हणून या दोघांवर तिसरा, एकूण 430 चा कोटा लावायचा. pretix मध्ये एक तिकीट दोन कोट्यांत असेल तर दोन्हीकडे जागा असल्याशिवाय विकलं जात नाही, त्यामुळे खालच्या आकड्यात गडबड झाली तरी 431 वं तिकीट निघत नाही. (पुढच्या सगळ्या रांगा मेंबरांना देऊ नका, प्रत्येक भागातून थोड्या थोड्या द्या, नाहीतर पब्लिक पुढच्या वर्षी येत नाही.)

आता उरलेल्या सीट. खरी भांडणं इथेच. पहिल्या फेरीत 170 गेल्या, दुसरीत 62, म्हणजे रविवारी रात्री 8 ला 48 उरल्या. तिकडे पब्लिकचा कोटा शुक्रवारीच संपलेला आणि वेटिंगवर 70 सीटची मागणी. दोन वर्षांपूर्वी कमिटीतल्या एका काकांनी उरलेल्या सीट फोनवरून "आपल्या माणसांना" दिल्या होत्या, त्यावरून अजून दोघं बोलत नाहीत एकमेकांशी. रेल्वेत कसं चार्ट लागला की वापरल्या न गेलेल्या कोट्यातल्या बर्थ वेटिंगवाल्यांना जातात, तसंच करायचं, वेळ आधी जाहीर आणि त्या वेळेनंतर मेंबर काय नि पब्लिक काय, सगळे सारखे.

पण 48 च्या 48 लगेच सोडायच्या नाहीत. आठला बघितलं तर 6 सीटचं पेमेंट अडकलेलं होतं, मेंबरांनी पावणेआठला क्लिक केलेलं आणि बँकेकडून अजून होकार यायचा होता. त्या सोडल्या असत्या तर एकाच खुर्चीवर दोघंजण आले असते. म्हणून 42 सोडल्या, सहाचा निकाल लागेपर्यंत त्या बाजूला, त्यातल्या 2 चं पेमेंट फेल गेलं, त्या मग वेटिंगवर पुढच्याला.

वेटिंगमध्ये पहिला कोण हे आम्ही नाव आधी कोणी दिलं यावरून नाही ठरवलं, रविवार संध्याकाळपर्यंत नाव देणाऱ्या सगळ्यांची चिठ्ठी काढली, कारण शिफ्टवाले लोक शुक्रवारी मोबाईल धरून बसू शकत नाहीत. नंबर लागला की पैसे भरायला 24 तास, नाही भरले तर पुढचा. शेवटी 2 सीट उरल्या आणि नंबर आला तिघांच्या कुटुंबाचा. त्यांना आधी विचारलं दोन चालतील का, ते नको म्हणाले, मग पुढच्या जोडप्याला दिल्या. हा नियमसुद्धा आधीच लिहून लावला होता, त्यामुळे कुणाचा फोन आला नाही. काकांचा सोडून.