बातमी उशिरा कळली, आता सांत्वनाचा मेसेज लिहिताय? या चुका टाळा

मित्राचे वडील गेले आणि तुम्हाला ते पाच महिन्यांनी कळलं. अशा वेळी पहिली चूक लिहिण्याआधीच होते. बातमी ऐकली की लगेच टाइप करू नका. आधी त्याच्याशी झालेलं जुनं चॅट उघडा आणि त्या पाच महिन्यांत आपण त्याला काय काय पाठवलंय ते पाहा. ‘काकांना नमस्कार सांग’ असं एखादं वाक्य तिथे सापडू शकतं. त्याने ते वाचलं आहे आणि त्याच्या लक्षातही असेल. नव्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेख केला नाही, तर बाकीचं कितीही मनापासून लिहिलं तरी ते वाक्य सलत राहतं. कोण गेलं हेही नक्की करून घ्या. उडत आलेल्या बातमीत मित्राचे वडील आणि त्याचे चुलते यांची अदलाबदल सहज होते.

सर्वांत जास्त बिघडतं ते माफीमुळे. ‘मला खूप अपराधी वाटतंय, मी कसला मित्र’ असं चार ओळी लिहिलं की ‘अरे, असू दे’ म्हणत समजूत त्यालाच घालावी लागते. उशिराचं कारण एका वाक्यात संपवा. ‘मला कळवलं का नाहीस?’ हे तर लिहूच नका. त्या दिवसांत कोणाला कळवायचं राहिलं, याचा हिशोब त्याच्याकडे मागायचा नसतो. ‘कसं झालं?’ विचारलंत, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. ‘आता सावरला असशील’ हा आपला अंदाज असतो, तोही नको.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेलं तयार चित्र पहिल्या आठवड्यात गर्दीत खपून जातं. पाच महिन्यांनी ते एकटंच येतं आणि कोरडं वाटतं. त्याऐवजी गेलेल्या माणसाची एक लहानशी, खरी आठवण लिहा. इतक्या दिवसांनी त्यांच्याबद्दल बोलणारं सहसा कोणी उरलेलं नसतं, म्हणून हीच ओळ तो पुन्हा वाचतो.

साधारण असं लिहिता येईल:

‘काका गेल्याचं मला आज कळलं. फार वाईट वाटलं. मार्चमध्ये मी त्यांना नमस्कार सांगायला लिहिलं होतं, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. ते वाचून तुला त्रास झाला असेल, माफ कर. मी घरी आलो की ते आधी विचारायचे, सायकलला कुलूप लावलंस का? तो आवाज अजून कानात आहे. रविवारी संध्याकाळी फोन करतो. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस.’

‘काही लागलं तर सांग’ याऐवजी इथे दिवस आणि वेळ दिली आहे, त्यामुळे मित्राला काही मागावं लागत नाही. मात्र रविवारी फोन कराच.

मेसेज ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला पाठवा आणि त्याखाली दुसरं कुठलंही काम जोडू नका. निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही, तर ‘वाचलास का?’ असं विचारू नका.