निवेदकाची निवेदिका करताना: ‘लो’चं ‘ले’ कुठे करायचं आणि कुठे नाही

‘मी’च्या तोंडून सांगितलेली कथा लिहून होते, आणि मग लक्षात येतं की ही गोष्ट ‘त्याने’ नाही, ‘तिने’ सांगायला हवी होती. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, “सगळीकडे ‘लो’चं ‘ले’ कर, ‘तो’चं ‘ते’ कर, झालं.” सल्ला देणाऱ्याने हे काम एकदाही केलेलं नसतं. संगणकाला असा सरसकट बदल करायला सांगितलात, तर चौकात जमलेले ‘लोक’ क्षणात ‘लेक’ होतात, आणि ‘आम्ही निघालो’चं ‘आम्ही निघाले’ होतं. तेव्हा मूळ प्रत वेगळी ठेवा, आणि ‘शोधा’ची सोय फक्त शोधण्यापुरती वापरा. बदल हातानेच करायचा.

कोणतं क्रियापद बदलायचं हे ठरवायला प्रयोगांची नावं पाठ असण्याची गरज नाही. अडचण एवढीच आहे की ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, त्यामुळे ‘मी विसरलो’ आणि ‘मी वाचलं’ वरून सारखीच दिसतात. म्हणून ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘त्याने’ घालून बघा, मग ‘ती’ किंवा ‘तिने’. क्रियापद हललं तर बदल करा, नाही हललं तर हात लावू नका. ‘तो नाव विसरला, ती नाव विसरली’: हललं, म्हणून ‘मी नाव विसरले’. ‘त्याने पत्र वाचलं, तिने पत्र वाचलं’: जैसे थे, म्हणून ‘मी पत्र वाचलं’ तसंच राहणार. याच कसोटीवर ‘मी म्हणालो’ बदलतं आणि ‘मी म्हटलं’ बदलत नाही. ‘वाचत होतो’चं ‘वाचत होते’ होतं, पण ‘वाचलं होतं’ जागचं हलत नाही. ‘मी जाईन’, ‘मला जायचं होतं’, ‘मला वाटलं’ यांना धक्का नाही.

‘माझा’, ‘माझी’, ‘माझं’ यांच्या नादी लागू नका. ती रूपं सांगणाऱ्यावर नाही, वस्तूवर चालतात. बाईचा भाऊही ‘माझा’च असतो.

विशेषणं मात्र बदलतात, आणि इथे एक चूक फार दिसते. ‘एकटा’चं ‘एकटी’, ‘उभा’चं ‘उभी’ केलं की त्या ‘ई’च्या ओघात क्रियापदही ‘होती’ होऊन बसतं. प्रमाण मराठीत ‘ती उभी होती’, ‘तू उभी होतीस’, पण ‘मी उभी होते’. ‘मी गेली’ मला लेखनात चालत नाही. बोलीतल्या निवेदिकेची गोष्ट वेगळी. कोल्हापूरकडे बायकांच्या तोंडी ‘मी जातो’ सर्रास असतं. तुमची निवेदिका तिकडची असेल, तर कदाचित निम्मं काम करायचीच गरज नाही. पण मग ते शेवटपर्यंत निभवा.

आता मुख्य दुखणं. यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे, आणि तेही सगळी रूपं व्याकरणाने बरोबर असताना.

मराठीत आपण ‘मी’ सारखा लिहीत नाही. पुरुष निवेदकाला ते परवडतं, कारण प्रमाण मराठीत ‘गेलो’ हे रूप ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ सोडून कुणाचंच नाही. ‘गेले’ला मात्र बरेच मालक. मी (बाई) गेले, ते सगळे गेले, बाबा गेले. शिवाय ग्रांथिक वळणाने लिहीत असाल तर ‘गाव मागे गेले’सुद्धा. म्हणजे निवेदक बाई झाली की ज्या वाक्यांत ‘मी’ गाळलेला आहे, ती वाक्यं गुपचूप शेजारच्या माणसाच्या नावावर जमा होतात.

हा उतारा बघा:

“भिजलेला मी दारात उभा होतो. बाबा आतून आले आणि काही न बोलता बाजूला झाले. आत गेलो, टॉवेल घेतला आणि खुर्चीत बसलो. ‘कुठे होतास? फोन का नाही केलास?’ त्यांनी विचारलं. ‘विसरलो,’ मी म्हटलं.”

कसोटी लावून बदल केला की तिसरं वाक्य होतं, “आत गेले, टॉवेल घेतला आणि खुर्चीत बसले.” एकही रूप चुकीचं नाही. पण आता आत गेले ते बाबा, खुर्चीत बसले तेही बाबा, आणि मुलगी अजून दारातच ओली उभी आहे. माझ्या एका कथेत असे वडील पानभर वावरत होते. मला ते दिसलं नाही, कारण माझ्या डोक्यात ‘मी’ आधीच बसलेला होता. संपादकांनी समासात फक्त “कोण?” लिहून पाठवलं.

दुरुस्ती अशी: “भिजलेली मी दारात उभी होते. बाबा आतून आले आणि काही न बोलता बाजूला झाले. मी आत गेले, टॉवेल घेतला आणि खुर्चीत बसले. ‘कुठे होतीस? फोन का नाही केलास?’ त्यांनी विचारलं. ‘विसरले,’ मी म्हटलं.”

‘केलास’ तसाच राहिला, कारण तो ‘फोन’वर चालतो. आणि ‘मी’ एकदाच परत आला. घाबरून प्रत्येक वाक्यात ‘मी’ कोंबू नका, गद्य ठेचकाळायला लागतं. एक ‘मी’ पुढच्या वाक्यांनाही पुरतो, मध्ये दुसरा कुणी ‘आले-गेले’वाला येईपर्यंत. काही ठिकाणी ‘मी’ऐवजी विशेषणानेही भागतं: ‘तशीच ओली आत गेले’ म्हटलं की बाबांचा प्रश्न उरत नाही.

तपासायची माझी पद्धत अशी. सगळे बदल झाल्यावर ‘ले’ आणि ‘ते’ने संपणारी क्रियापदं शोधायची आणि प्रत्येकाच्या फक्त मागच्या वाक्याचा कर्ता बघायचा. तो अनेकवचनी पुरुष किंवा आदरार्थी पुरुष असेल, तर ‘मी’ घालायचा. आई ‘आली’ किंवा ‘आल्या’ असेल, तर भूतकाळात धोका नाही. गोष्ट ‘होतं, केलं’ अशा बोलीच्या वळणाने लिहिलेली असेल, तर ‘दार उघडं होतं’ आणि ‘मी उभी होते’ आपसूक वेगळी राहतात. ‘उघडे होते’ लिहिणाऱ्यांनी निर्जीव कर्तेही तपासावेत.

संवाद शेवटी घ्या, म्हणजे दुसऱ्या पुरुष पात्रांचं ‘मी येतो’ चुकून बदलत नाही. निवेदिकेशी बोलणाऱ्यांचं ‘अरे’चं ‘अगं’, ‘काय रे’चं ‘काय गं’ होतं. ‘तुम्ही आलात’ला काही करायचं नाही. तिच्याविषयी तिसरंच कुणी बोलत असेल, तर ‘त्याला’चं ‘तिला’ करा. तिथे आधीच दुसरी ‘ती’ असेल, तर एकीचं नाव घाला.

राहिलं ‘आम्ही’. क्रियापद ‘निघालो’च. पण ‘आम्ही दोघे’ बघावं लागतं: सोबत मित्र असेल तर ‘आम्ही दोघं’, मैत्रीण असेल तर ‘आम्ही दोघी’. ‘आम्ही दमलेले होतो’मधलं ‘दमलेले’ दोघी असतील तरच ‘दमलेल्या’ होतं. ‘होतो’ तिथेही ‘होतो’च.