गोराईच्या वीस गुंठ्यांचं भाताचं वेळापत्रक: ऑक्टोबरपासून उलटं मोजायचं

मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख 11 जून आणि जायची 8 ऑक्टोबर. आम्ही बोरिवलीकर खाडी ओलांडून गोराईला शेती करणारे, त्यामुळे सगळं लक्ष पहिल्या तारखेवर. नुकसान मात्र दुसरीने केलं. एका वर्षी खालच्या खाचरात 110 दिवसांचं हळवं भात 12 जूनला पेरलं, 30 सप्टेंबरला ते कापणीला आलं आणि कापून पसरल्यावर दोन दिवस पाऊस पडला. लोंब्या उचलल्या तर दाण्यांना पांढरे कोंब.

म्हणून आता आधी कापणीची तारीख लिहायची, ती 10 ऑक्टोबरच्या अलीकडे नको. खालच्या 12 गुंठ्यांत पाणी टिकतं, तिथे 130 दिवसांचं निमगरवं. 12 जूनला पेरलं की 20 ऑक्टोबरला तयार. वरच्या 8 गुंठ्यांतली जमीन हलकी, पाऊस थांबला की चार दिवसांत भेगा, तिथे निमगरवं दाणा भरतानाच सुकेल. तिथे हळवंच, उदाहरणार्थ कर्जत-3, पण 22 जूनला पेरायचं, म्हणजे कापणी 10 ऑक्टोबरच्या सुमारास. लावणीचेही दोन टप्पे पडतात, एक 5 जुलैच्या आसपास आणि दुसरा 13च्या, त्यामुळे तीच चार माणसं पुरतात.

मे संपायच्या आत बियाणं घरात हवं. खालच्यासाठी 5 किलो, वरच्यासाठी 3, शिवाय दोन किलो राखीव. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, ऐंशीपेक्षा कमी उगवले तर ते बियाणं परत. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायचं. तरंगतील ते पोचट, काढून टाकायचे. तळाचे दाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. धुण्याचा कंटाळा केला तर मिठाने उगवण मार खाते.

आवणाला दोन गुंठे गादीवाफे पुरतात. एवढ्याला विहिरीचं पाणी झारीने घालता येतं, म्हणून पाऊस लांबला तरी पेरणीची तारीख हलवायची नाही. लावणी मात्र पावसाच्या हातात, चिखलणीला खाचरात पाणी साचायलाच हवं. रोपं 21 ते 25 दिवसांची लावावीत. महिन्यापुढे गेली की फुटवे कमी येतात. पावसाने फारच दडी मारली तर जुनी रोपं रेटण्यापेक्षा राखीव बियाण्याचं हळवं आवण टाकलेलं बरं.

कापणीआधी आठ-दहा दिवस बांध फोडून पाणी काढायचं. लोंबीतले दहातले नऊ दाणे पिवळे झाले की विळा लावायचा. सगळे पिवळे व्हायची वाट पाहिली तर दाणे शेतातच गळतात. कापल्यावर तीन-चार दिवस ऊन, मग भारे बांधून झोडणी.

खालच्या खाचरात ओल असते तोवर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाल टाकायचे. त्यांचं बियाणं गणपतीतच सांगून ठेवावं, दिवाळीत मिळत नाही.