मार्केटिंग प्लॅनवर 'बजेटचा उद्दिष्टाशी संबंध नाही' हा शेरा येत असेल तर

शिकवणी वर्गाचा प्लॅन याच शेऱ्यासह परत येत होता. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके मांडणारं स्वॉट विश्लेषण वाढवलं, खर्चाचा तक्ता बदलला, शेरा तोच. डोकंच फिरलं.

शेवटी उलट्या बाजूने, म्हणजे उद्दिष्टापासून बजेटकडे मांडणी केली. आधी रिकाम्या जागा: संध्याकाळच्या बॅचमध्ये १२. डेमो तासाला बसलेल्यांपैकी निम्मे प्रवेश घेतील असं धरलं, म्हणजे डेमोला २४ मुलं हवीत. चौकशी करणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा डेमोला येईल, म्हणजे ७२ चौकश्या. (हे अंदाज आहेत, असं प्लॅनमध्ये स्पष्ट लिहा.) एकूण बजेट भागिले ७२ ही एका चौकशीची खर्चमर्यादा.

मग प्रत्येक माध्यम या मर्यादेला लावून पाहिलं. शंभर पत्रकांमागे एक फोन धरला तरी ७,२०० पत्रकं लागतात; छपाईतच बजेट संपतं, म्हणून ती वगळली. जुन्या पालकांनी नवा विद्यार्थी आणल्यास फीमध्ये सवलत, हे पहिलं माध्यम ठेवलं, कारण तो खर्च प्रवेश झाल्यावरच होतो. या वेळी प्लॅन मंजूर झाला.