सस्पेंड झालेल्या साइटसाठी सपोर्टला मेल लिहिण्याआधी

साइट उघडली आणि नेहमीच्या पानाऐवजी Account Suspended असं दिसलं, की लगेच मेल लिहावासा वाटतो. मी एका छोट्या संस्थेची वर्डप्रेस साइट सांभाळतो. ती अशी बंद पडली तेव्हा मीही दहा मिनिटांत दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या: साइट बंद आहे, कृपया लवकर चालू करा. त्या मेलने काहीच हललं नाही, उलट दीड दिवस गेला. दुसऱ्या मेलने काम झालं. त्या दुसऱ्या मेलसाठी जे गोळा करावं लागलं, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी ठरवा की बंद नेमकं काय झालंय, होस्टिंग की डोमेन. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलेली असली तरी ती वेगवेगळ्या विभागांकडे असतात, आणि चुकीच्या विभागात गेलेलं तिकीट तिथेच पडून राहतं. स्वतःच्या संगणकावर हे चालवून पाहा, अर्थात example.com च्या जागी आपलं डोमेन घालून:

```
nslookup example.com
whois example.com
```

पहिल्या आदेशाला सर्व्हरचा आयपी पत्ता मिळाला आणि ब्राउझरमध्ये होस्टिंग कंपनीचंच सस्पेंडचं पान दिसत असेल, तर होस्टिंग खातं बंद आहे. पत्ताच मिळत नसेल आणि whois मध्ये clientHold हा शब्द दिसत असेल, तर डोमेन थांबवलेलं आहे आणि मेल डोमेन रजिस्ट्रारकडे जायला हवा. याचं एक नेहमीचं कारण फार साधं असतं. .com सारखं डोमेन नवीन घेतल्यावर किंवा मालकाचा मेल पत्ता बदलल्यावर पडताळणीचा मेल येतो आणि त्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही, तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं. तसं असेल तर तो मेल शोधून क्लिक करा, पुढचं काहीच करायला नको.

होस्टिंगच बंद असेल, तर कारणाची सूचना शोधा. सस्पेंड करताना कंपनी बहुतेक वेळा मेल पाठवते, पण तो खात्यावर नोंदवलेल्या पत्त्यावर जातो. आमच्या खात्यावर नोंदवलेला पत्ता होता info@example.com, म्हणजे त्याच डोमेनचा आणि त्याच होस्टिंगवरचा. खातं बंद झालं तशी ती मेलपेटीही बंद झाली, आणि कारण सांगणारा मेल तिच्यातच अडकला. तुमचंही असं असेल तर कंपनीच्या ग्राहक पोर्टलमध्ये लॉगिन करून बिलं, सूचना आणि जुनी तिकिटं पाहा. पोर्टल सहसा वेगळं चालतं आणि सूचनेची प्रत तिथे सापडते. सापडली की ती शब्दशः उतरवून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण समोरच्याला त्यातला फाइलचा मार्ग कॉपी करता येत नाही.

कारण थकलेलं बिल असेल, तर बिल क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक एवढं बिलिंग विभागाला कळवा. सर्व्हरवर जास्त भार पडला असेल, तर कोणती मर्यादा कधी ओलांडली हे आधी विचारा. मालवेअर किंवा साइटवरून गेलेला स्पॅम हे कारण असेल तर मात्र थांबून तयारी करावीच लागते. हे प्रकरण हाताळणारी माणसं तुमच्या साइटपेक्षा त्याच सर्व्हरवरच्या इतरांच्या साइटची काळजी करत असतात, आणि ती त्यांनी करायलाच हवी. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात: घाण कुठून शिरली, ती वाट बुजवली का, आणि साफसफाई पूर्ण झाली का.

आमच्या सूचनेत एकाच फाइलचं नाव होतं, wp-content/uploads/2025/03/cache-old.php. चित्रांच्या फोल्डरमध्ये .php फाइल असायचं सहसा कारण नसतं, एखादी रिकामी index.php सोडली तर. ती उडवून मोकळं व्हावं असं लगेच वाटतं. उडवू नका. आधी तिची प्रत झिप करून बाजूला ठेवा, तिचा पूर्ण मार्ग लिहून घ्या, आणि सगळ्यात आधी सर्व्हरचे अ‍ॅक्सेस लॉग उतरवून घ्या. बऱ्याच ठिकाणी हे लॉग थोडेच दिवस राहतात, आणि एकदा गेले की घाण कुठून आली हे सांगायला काही उरत नाही. आमची साइट लोकांसाठी बंद होती, पण आतलं लॉगिन चालू होतं. तुमचं तेही बंद असेल, तर पहिल्या मेलमध्ये एवढंच मागा: सूचनेची पूर्ण प्रत, आणि फक्त आपल्या आयपी पत्त्यापुरता फाइलींपर्यंतचा प्रवेश.

फाइल कधी आली हे तिच्या तारखेवरून ठरवू नका. बदलाची तारीख घुसखोराला हवी ती लावता येते. दुसरी एक तारीख असते, ctime, ती खोटी लावणं अवघड असतं. पण सस्पेंड करताना कंपनीने फाइलच्या परवानग्या बदलल्या असतील, तर तीही त्याच क्षणाची दिसते. म्हणून लॉगमधून उलटं शोधत जा:

```
grep "cache-old.php" access_log | head -n 3
grep "203.0.113.45" access_log | head -n 20
```

पहिल्या ओळीने त्या फाइलला आलेली पहिली विनंती दिसते. आमच्याकडे ती ९ मार्चला पहाटे २ वाजून १५ मिनिटांची होती. ती ज्या आयपी पत्त्यावरून आली तो दुसऱ्या ओळीत घातला, तर एक मिनिट आधीची नोंद दिसली: फाइल चढवू देणाऱ्या एका फॉर्म प्लगइनला आलेली POST विनंती. प्लगइन कित्येक महिने अद्ययावत केलेलं नव्हतं. संपूर्ण मेलमधली सगळ्यात मोलाची ओळ हीच ठरली, असं मी आजही मानतो.

मग साफसफाई, आणि प्रत्येक पाऊल वेळेसह लिहून ठेवत. ते प्लगइन काढून टाकलं. wp core verify-checksums चालवून वर्डप्रेसच्या मूळ फाइली तपासल्या. तो आदेश प्लगइन, थीम आणि uploads तपासत नाही, म्हणून उरलेल्या फाइलींसाठी गेल्या काही दिवसांत बदललेल्यांची यादी काढली:

```
find public_html -name "*.php" -ctime -10
```

वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का ते पाहिलं आणि क्रॉनमधली कामं तपासली. डेटाबेस, एफटीपी, कंट्रोल पॅनेल आणि अ‍ॅडमिन असे सगळे पासवर्ड बदलले. wp-config.php मधल्या सुरक्षा किल्ल्याही बदलल्या, म्हणजे कुणी आधीच लॉगिन करून बसलं असेल तर बाहेर पडतं. जुना बॅकअप आणायचा विचारही आला होता, पण घाण ९ मार्चची आणि आमचा सर्वात ताजा बॅकअप १० मार्चचा. तो आणला असता तर तीच फाइल परत आली असती. बॅकअपची तारीख लॉगमधल्या पहिल्या विनंतीच्या आधीची आहे ना, एवढं पाहिल्याशिवाय तो आणू नका, आणि आणलात तर प्लगइनची वाट पुन्हा उघडते हे लक्षात ठेवा.

खात्याचे तपशील एका जागी आणा: ग्राहक क्रमांक, मुख्य डोमेन, कंट्रोल पॅनेलचं वापरकर्ता नाव, सर्व्हरचं नाव आणि आधीच्या तिकिटाचा क्रमांक. मेल नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवायचा असतो, नाहीतर ओळख पटवण्यात एक फेरी जाते. तो पत्ता बंद असेल तर पोर्टलमधून तिकीट लिहा आणि संपर्कासाठी दुसरा पत्ता द्या. पासवर्ड किंवा कार्डाचा पूर्ण क्रमांक कधीही लिहू नका. तिकीट अनेक जण वाचतात आणि ते वर्षानुवर्षं साठून राहतं.

वेळांचा एक घोळ माझ्याकडून झाला होता. मी स्थानिक वेळ लिहिली होती आणि सर्व्हरचे लॉग UTC मध्ये होते, त्यामुळे समोरच्याला माझी नोंद सापडेना. लॉगच्या ओळीत वेळेच्या शेवटी +0000 असेल तर ती UTC. सगळ्या वेळा त्यातच लिहा आणि तसं लिहिलंय हेही सांगा.

एवढं जमलं की मेल आपोआप छोटा होतो. आमचा साधारण असा होता, फक्त ओळखीचे तपशील बदलले आहेत:

> विषय: example.com, मालवेअरमुळे सस्पेंड, साफसफाई झाली, पुन्हा तपासणीची विनंती (तिकीट 48213)
>
> नमस्कार,
>
> ग्राहक क्रमांक 70551, वापरकर्ता नाव exampleu, सर्व्हर srv12. सर्व वेळा UTC.
>
> ९ मार्च ०२:१४: फॉर्म प्लगइनमधून फाइल चढवली गेली (लॉग सोबत जोडला आहे). ११ मार्च १८:३०: आपण खातं सस्पेंड केलं. १२ मार्च ०४:५०: आमच्या लक्षात आलं. १३ मार्च ०९:०० ते १२:३०: साफसफाई.
>
> केलेली कामं: ते प्लगइन काढलं, सूचनेतली फाइल आणि आणखी दोन संशयास्पद फाइली काढल्या (यादी जोडली आहे), मूळ फाइली तपासल्या, सर्व पासवर्ड आणि सुरक्षा किल्ल्या बदलल्या, अनोळखी वापरकर्ते किंवा क्रॉन कामं सापडली नाहीत.
>
> विनंती: खातं पुन्हा स्कॅन करावं. काही उरलं असल्यास पूर्ण मार्गासह यादी द्यावी. खातं सस्पेंड असताना डेटा किती दिवस ठेवला जातो, तेही कळवावं.

शेवटचा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर सस्पेंड खात्यातला डेटा पुसला जातो, आणि ती मुदत कराराच्या अटींमध्ये कुठेतरी खोल लिहिलेली असते. उत्तराची वाट न पाहता फाइली आणि डेटाबेस उतरवता येत असतील, तर आधीच उतरवून घ्या.

मेल गेल्यावर त्याच तिकिटात राहा. नवीन तिकीट उघडलं की दोन माणसं एकच काम सुरुवातीपासून करू लागतात, आणि काही ठिकाणी तिकीट रांगेत शेवटच्या उत्तराच्या वेळेनुसार लागतं, त्यामुळे दर तासाला 'काही कळलं का' विचारणारा स्वतःच मागे जातो. नवीन माहिती असेल तरच लिहा.

आमच्या मेलला त्याच दिवशी उत्तर आलं. स्कॅनमध्ये अजून एक फाइल निघाली होती, public_html च्या शेजारच्या old_site या फोल्डरात. तिथे जुन्या साइटची कुणीतरी कधीतरी ठेवलेली प्रत होती आणि माझा find आदेश तिकडे गेलाच नव्हता. ते अख्खं फोल्डर काढलं, तसं एका ओळीत त्याच तिकिटात कळवलं, आणि अर्ध्या तासात साइट उघडली. नंतर खात्यावरचा संपर्काचा पत्ता बदलून दुसऱ्या डोमेनवरचा दिला.