वॉक सायकल तपासताना या चुका टाळा: आधी कंबर बघा, मग हातपाय

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवून रिकाम्या हातांनी परत येणारा जाडजूड हमालकाका, अशा पात्राची वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारी दोन पावलांची चाल, एका विद्यार्थ्याने ॲनिमेट केली होती. रिग चांगलं, पोझ नीट, तरी काका जमिनीवरून तरंगत चालल्यासारखे वाटत होते. पोराने हातांचा झोका कमी करून पाहिला, वाढवूनही पाहिला. फरक शून्य, कारण दोष हातांत नव्हताच.

पहिली चूक हीच: हातापायांपासून तपासायला सुरुवात करणं. हात, पाय, डोकं सगळं लपवा आणि फक्त कंबर चालू ठेवून सायकल बघा. नुसत्या कमरेवरून माणूस जड की हलका हे कळत नसेल, तर पुढचं काम थांबवा.

या सायकलमध्ये सेकंदाला २४ फ्रेम होत्या आणि एक पाऊल १२ फ्रेमचं होतं. टाच टेकते त्याच फ्रेमला कंबर सर्वांत खाली, पाय शेजारून जाताना, म्हणजे पासिंगला, सर्वांत वर. झोपाळ्यासारखं एकसारखं खालीवर. पण टाच टेकली तेव्हा वजन त्या पायावर अजून पूर्ण आलेलं नसतं. ते नंतरच्या काही फ्रेममध्ये येतं, गुडघा दुमडून ते झेलतो आणि कंबर तेव्हा तळाला जाते. तोच डाउन. हा झेल गाळला की पात्र तरंगणारच.

काकांचं पाऊल १६ फ्रेमचं केलं. कॉन्टॅक्ट, म्हणजे टाच टेकते ती पोझ, १ वर, डाउन ५ वर, पासिंग ९ वर, आणि सर्वांत उंच पोझ १४ वर. पुढचा कॉन्टॅक्ट १७ वर आणि त्याचा डाउन २१ वर. म्हणजे वर चढायला ९ फ्रेम आणि खाली यायला ७. जड शरीर उचलायला वेळ लागतो, पडायला लागत नाही. आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. चपळ पोरगं असेल तर वेगळे घ्या. टाच आधी आणि तळ नंतर, हा क्रम मात्र मोडू नका.

आता समोरून बघा. बहुतेक जण बाजूच्याच कॅमेऱ्यात अडकतात, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं ते बाजूने दिसतच नाही. पहिल्या फ्रेमला डावा पाय पुढे टेकत असेल, तर कंबर १ वर मधोमध, ९ वर पात्राच्या सर्वांत डावीकडे, १७ वर पुन्हा मधोमध आणि २५ वर सर्वांत उजवीकडे हवी. ९ वर उजवा पाय हवेत असतो, म्हणून कमरेची उजवी बाजू थोडी खाली झुकते आणि खांदे त्याच्या उलट झुकतात. त्याच फ्रेमला बेंबीतून सरळ खाली रेघ काढा. ती टेकलेल्या पावलाच्या आतल्या कडेच्या जवळपास पडायला हवी. दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडली, तर खरा माणूस तिथे कलंडला असता.

पायाबद्दल एकच गोष्ट, पण ती मोजूनच बघा. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलमध्ये टेकलेलं पाऊल सारख्याच वेगाने मागे सरकलं पाहिजे. पाऊल ६० सेंटिमीटरचं आणि १६ फ्रेमचं असेल, तर दर फ्रेमला ३.७५ सेंटिमीटर. ग्राफ एडिटरमध्ये त्या पट्ट्यात मागेपुढेची रेघ सरळ दिसायला हवी. सॉफ्टवेअर आपणहून दोन्ही टोकांना वळण देतं, आणि पाय बर्फावर घसरल्यासारखा दिसतो.

कंबर आणि पाय बसल्यावरच मनगटाचा मोशन पाथ चालू करा. बाजूने तो खोलगट कमानीसारखा दिसावा. जाता-येता वाट थोडी वेगळी पडली, म्हणजे बारीक आडवा इंग्रजी आठ झाला, तर उत्तमच. सरळ रेघ किंवा टोकाला तीक्ष्ण कोपरा दिसला तर खांदा, कोपर आणि मनगट एकाच फ्रेमला थांबताहेत. कोपराच्या की, म्हणजे पोझ नोंदवलेल्या खुणा, एखाद-दोन फ्रेम आणि मनगटाच्या तीनेक फ्रेम मागे सरकवा. काकांचं पोट आडवं येतं, म्हणून त्यांचे हात अंगापासून लांबूनच जायला हवेत. हेही समोरूनच दिसतं.

की सरकवल्या की नवीनच दुखणं सुरू होतं: सायकल फिरून पहिल्या फ्रेमवर आली की हात झटका देतो. सरकवलेल्या हालचालीचा तुकडा सायकलच्या बाहेर गेला, आणि सुरुवातीला तेवढी जागा रिकामी राहिली. त्या कर्व्हला दोन्ही बाजूंना सायकलची पुनरावृत्ती लावा आणि मग १ व ३३ वर पुन्हा की घ्या. दोन्हींची किंमत आणि उतार सारखाच यायला हवा. एवढं करूनही दर फेरीला सगळं शरीरच किंचित अडखळत असेल, तर प्लेबॅकची हद्द बघा. ३३ वी फ्रेम म्हणजे पहिलीच पोझ, त्यामुळे १ ते ३३ चालवलं की ती लागोपाठ दोनदा दिसते. प्लेबॅक आणि रेंडर १ ते ३२ च ठेवा.